कुलपाची सावली

आमच्या छापखान्यात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःला फोटोग्राफर समजतं. नगरपालिकेतले साहेब तर त्यातले महामेरू. आल्या आल्या त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. बसस्थानकाच्या भिंतीवर रंगवलेल्या सात बायका, एकीमागे एक उभ्या.

"शिस्त सप्ताहाचं पोस्टर करायचंय," ते म्हणाले. "वर लिहा, 'रांगेची शिस्त, शहराची शान'. खाली माझं नाव. जरा ठळक. बघा ना, बायका कशा गुमान उभ्या आहेत."

गुमान हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, पण गिऱ्हाइकासमोर मी ते फिरू देत नाही. म्हटलं, "साहेब, हा कापलेला फोटो मोठा केला तर बायकांच्या नाकाचे चौकोन होतील. मूळचा पाठवा."

मूळचा दुपारी आला. मी तो पडद्यावर उघडला आणि बसून राहिले. साहेबांनी नेमकी उजवी बाजू छाटली होती. रांग एका दारापाशी जात होती. दाराला कुलूप होतं.

संध्याकाळी वहिनी आली. ती त्याच बसस्थानकावर तिकीट खिडकीवर बसते. दोन महिन्यांपूर्वी मूत्रपिंडाला संसर्ग झाला म्हणून चार दिवस दवाखान्यात पडून होती. डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला तीन लिटर पाणी प्या आणि लघवी तुंबवू नका, पुन्हा असं झालं तर अवघड आहे. बोलायला काय जातं? स्थानकावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला दोन वर्षं कुलूप. तेव्हा वहिनी सकाळी अर्धा कप चहा घेते आणि पाणी थेट घरी येऊन पिते. दादा तिच्यावर चिडतो, जणू चावी तिच्याच पर्समध्ये आहे.

"अगं, हे आमचंच दार," वहिनी म्हणाली. "मी रोज तिथवर जाते, कुलूप बघते आणि परत फिरते. चित्र बघायला डोकं असतं कुठे ठिकाणावर?"

"दार रंगवलेलं नाही?"

"रंग त्याच्यावरूनच मारलाय. दार खरंय."

"आणि कुलूप?"

याचं उत्तर वहिनीच्या आधी फोटोनेच दिलं. मी कुलूप मोठं केलं. चित्रातल्या सगळ्या बायकांच्या सावल्या डावीकडे पडत होत्या. कुलपाची सावली मात्र उजवीकडे. म्हणजे बायकांची सावली चित्रकाराची होती आणि कुलपाची सूर्याची. कुलपाखाली गंजाचा ओघळही रंगावरून उतरला होता. आधी रंग, मग गंज. शेजारचं पुरुषांचं दार सताड उघडं दिसत होतं, त्याच्यावर रंगाचा एक थेंब नाही. साहेबांनी तेही कापलं होतं.

खाली कोपऱ्यात चित्रकाराने नाव लिहिलं नव्हतं, फक्त महिना आणि साल. वहिनीने बोटांवर मोजलं. "कुलूप लागल्यानंतरचाच महिना, वन्सं." मला चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते, पण या वेळी चिडवत नव्हती.

मग आम्ही बायका बघितल्या. शेवटची शाळेच्या गणवेशात, दारापाशी पहिली पिकल्या केसांची. मधल्या वयाने चढत गेलेल्या. सातही जणींच्या हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ. सात बायका नव्हत्याच त्या. एकच बाई होती, शाळेपासून म्हातारपणापर्यंत त्याच दारापुढे उभी. वहिनीला म्हटलं, "हा माझा अंदाज हं. सावली आणि गंज दिसतंय, तीळ एकच हेही दिसतंय. एकच बाई, हे आपण म्हणतोय."

वहिनी ऐकतच नव्हती. तिने बोट पडद्यावर टेकवलं. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट.

"भरलीय, पण प्यायची नाही," ती म्हणाली. "हे बसून सुचलेलं नाही. ज्याने काढलं त्याने कुणाला तरी विचारलंय." तिचे डोळे भरले. मलाही गलबलून आलं, आणि त्यापाठोपाठ असा काही राग आला की विचारू नका.

राग आला की मी फार गोड होते. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर पोस्टरचा नमुना ठेवला. अख्खा फोटो, कुलपासकट.

"हे कुलूप कशाला?"

"साहेब, कुलूपसुद्धा शिस्तच की."

त्यांनी मान डोलावली आणि स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मी लगेच पुढचं टाकलं, "उद्घाटन त्या भिंतीपुढेच करा ना. मागे चित्र, पुढे तुम्ही. फोटो असा येईल की बास." साहेब विरघळले.

आता खरी गंमत. त्या दारामागे काय आहे ते वहिनीला ठाऊक होतं. नगरपालिकेच्या समारंभाच्या खुर्च्या. शिपाई महिन्यातून एकदा त्या काढायचा, कार्यक्रम झाला की परत कोंबायचा आणि कुलूप ठोकायचा. म्हणजे समारंभ हवा तर दार उघडणं आलंच.

समारंभाच्या सकाळी नऊ वाजता वहिनी चित्रातल्या शाळकरी मुलीमागे जाऊन उभी राहिली. चित्रातले पाय थेट फुटपाथला टेकवलेले, माणसाच्या मापाचे, त्यामुळे ती रांगेतली आठवी दिसू लागली. तिच्यामागे खिडकीवरच्या दोघी, झाडूवाली, फुलवाली, दोन शिक्षिका. मी शेवटी. सगळ्यांच्या हातात भरलेली बाटली. रांग पार रिक्षा थांब्यापर्यंत गेली.

शिपाई चावी घेऊन आला आणि थबकला. "तुम्ही कशाला उभ्या?"

"पोस्टर वाचलं," वहिनी म्हणाली. "शिस्तीत उभ्या आहोत. तुम्ही उघडा, खुर्च्या आम्ही काढून देतो."

बिचाऱ्याने उघडलं. आम्ही हातोहात चाळीस खुर्च्या बाहेर मांडल्या, तोवर साहेब आणि वार्ताहर पोहोचले. वहिनीने आतला नळ फिरवला. पाणी आलं. दोन वर्षं खुर्च्यांना अशी काय तहान लागणार होती? मग ती सगळ्यांसमोर आत गेली आणि आतून कडी लावली. ती कडी अख्ख्या समारंभाने ऐकली.

एका वार्ताहराने साहेबांना विचारलं, "या चित्राचा संदेश काय?"

साहेब म्हणाले, "शिस्त." मग त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं. कुलपाच्या जागी नुसता कोयंडा होता आणि दारापुढे पोस्टरसारखी रांग, फक्त ही पुढे सरकत होती. कॅमेरे दाराकडे वळले होते. साहेब मुरलेले गडी. खाकरून म्हणाले, "आणि म्हणूनच आजपासून हे स्वच्छतागृह मी महिलांसाठी खुलं करतोय." टाळ्या आम्हीच सगळ्यात जोरात वाजवल्या. श्रेय घ्या म्हणावं, चावी तेवढी द्या.

संध्याकाळी खुर्च्या परत ठेवायची वेळ आली तेव्हा शिपायाला कुलूपच सापडेना. फार शोधलं त्याने. आम्हीही शोधू लागलो, अगदी मनापासून. शेवटी खुर्च्या टेम्पोतून नगरपालिकेत गेल्या.

परवा मी तिकीट खिडकीवर गेले होते. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून वहिनीने गठ्ठ्यावर काहीतरी जड, गंजकं ठेवलं होतं. मी बघितलं, तिने बघितलं. तिने बाटलीचं झाकण उघडलं, अर्धी बाटली एका दमात रिचवली आणि समोरच्या प्रवाशाला म्हणाली, "दोन मिनिटं थांबा हं. मी जाऊन येते."