हिंदू जेवण

दहिवडीच्या आकारामना साखर होती आणि त्यांच्या घरात चार महिने मटण शिजलं नव्हतं. या दोन दुःखांपैकी दुसरं मोठं. अमेरिकेतल्या सुनेची बाळंतपणात तब्येत बिघडली तेव्हा सुलाबाईंनी नवस बोलला होता, की नातीचं तोंड बघेपर्यंत वशाटाला शिवणार नाही. नवस बायकोचा आणि उपास नवऱ्याचा.

तिकीट झाल्यावर लेक पल्लवी मोबाइलवर जेवण नोंदवायला बसली. विमान उडायच्या निदान एक दिवस आधी कळवावं लागतं, आणि माणशी एकच प्रकार मिळतो. बाबांना साखर आणि रक्तदाब दोन्ही, पण कमी मिठाचं सोडून तिनं मधुमेहाचं निवडलं. आईसाठी ती यादी वाचायला लागली, तेवढ्यात ‘हिंदू’ ऐकून आकाराम म्हणाले, “त्येच कर. आपण काय दुसरं हाय व्हय?” वाद संपला.

विमानात खास जेवणं सगळ्यांच्या आधी आली. बाकीचे जेवणाच्या गाडीची वाट बघत माना उंचावत होते आणि यांच्यापुढे नाव चिकटवलेली ताटं. आकारामांची छाती फुगली. मग सुलाबाईंनी झाकण काढलं. आत कोंबडीचा रस्सा.

सुलाबाईंनी हात मागे घेतला. नात अजून सातासमुद्रापलीकडे, आणि नवस मोडायला आला होता. आकारामांना आपलं ‘त्येच कर’ आठवलं. या बाईनं सुनेसाठी देव पाण्यात घातले होते आणि आपण एका शब्दात वाट लावली.

मराठी बोलणारी हवाई सुंदरी धावत आली. हिंदू जेवणात फक्त गोमांस नसतं, बाकी मांस असू शकतं, शाकाहारी वेगळं मागावं लागतं, असं तिनं समजावलं. गाडीवरचं शाकाहारी उरलं तर आणते, पण खात्री नाही. उतरण्याआधीचा नाश्ताही याच नोंदीचा येईल, तेव्हा त्या वेळचं एक शाकाहारी ताट आत्ताच बाजूला ठेवते.

आकारामांनी आपलं झाकण उघडलं. वरण, उकडलेल्या भाज्या, पपईच्या फोडी. मधुमेहाच्या ताटातही मांस येऊ शकतं, पण आज महादेव जागा होता. त्यांनी ते ताट बायकोपुढे सरकवलं आणि तिचं आपल्याकडे ओढलं. चेहरा त्यांनी मयताला आल्यासारखा ठेवला.

सुलाबाई भाजी चिवडत त्यांच्याकडे बघत राहिल्या. वरणाला ना मीठ ना चव. इकडे नवऱ्यानं हाड चोखून कोरडं केलं होतं. रस्सा संपला तशी आकारामांनी त्याच ताटातली खिरीची वाटी हळूच उघडली.

सुलाबाईंनी हात लांब करून वाटी उचलली.

“आवं, नवस कोंबडीचा हाय,” त्या म्हणाल्या, “खिरीचा न्हाई. आन् साखर तुमाला हाय, मला न्हाई.”

मग पपईच्या फोडी नवऱ्याकडे सारून त्यांनी खीर सावकाश, वाटी पुसून खाल्ली.