डावा बाण

माझी बायको अरबी भाषेतली अ‍ॅप तपासायची. सवय राहावी म्हणून स्वतःचा फोनही अरबीतच ठेवायची. मी हात लावला की म्हणायची, "तुम्हाला सरळ कळत नाही, उलटं काय कळणार?" मी नळ जोडणारा माणूस, हसून सोडून द्यायचो.

ती गेल्यावर तिची ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, की तपासणीच्या एका अ‍ॅपमध्ये तिच्या आवाजाचे तुकडे आहेत. मधे मधे अरबी वाक्य चुकलं की ती मराठीत करवादायची, तेही त्यात आहे. शनिवारी येऊन काढून देते, म्हणाली. मला शनिवारपर्यंत धीर निघाला नाही.

तिच्या फोनवर ते अ‍ॅप उघडलं. एक तुकडा लावला. वाजवायचा त्रिकोण आपल्यासारखाच, उजवीकडे तोंड केलेला. "छे, जीभच वळत नाही मेली," असं ती म्हणाली आणि मी खुर्चीत बसलो. वाटलं, त्रिकोण आपला तर बाकीचंही आपलंच असणार.

दुसरा तुकडा शोधताना कुठे बोट पडलं कुणास ठाऊक. कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं पान आलं. खाली दोन बाण, शब्द एकही नाही. घाबरून मागे जायला डावा दाबला. लाल अक्षरांचं पान आलं. पुन्हा डावा दाबला. यादी रिकामी झाली.

फोन करताच मैत्रीण आली. पाणीही न घेता स्क्रीन बघत राहिली.

"भावजी, अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणून पानंही डावीकडे सरकतात. डावा बाण म्हणजे पुढे, उजवा म्हणजे मागे."

"मग तो त्रिकोण का नाही उलटला?"

"तो वाचायच्या दिशेचा नाही. तो जुन्या टेपरेकॉर्डरसारखा सगळीकडे तसाच ठेवतात."

गॅसच्या सिलिंडरचा नट उलट्या आट्यांचा असतो, डावीकडे फिरवला की घट्ट बसतो, हे मला झोपेतही कळतं. अरबीतलं हे उलटं मात्र बायकोला एकदाही विचारलं नव्हतं.

परत आणता येईल का, असं मी विचारलं. तिने ऑफिसात फोन लावला, बराच वेळ नुसतं हं हं करत राहिली. चाचणीचं अ‍ॅप, पुसलेलं ठेवतच नाहीत, म्हणाली. ती ओढणीने डोळे पुसू लागली. मीच तिला समजावलं, तुझा काय दोष.

"तुम्ही मागेच जात होतात ना," ती म्हणाली.

"हो."

मैत्रीण घरी गेल्यावर मी उजवा बाण दाबला. मागचं पान आलं. त्यावरही काही नव्हतं.