हेमचंद्रांची पावलं

आमचा सलील बंगळुरूला असतो आणि तिथे बसून वडिलांची पावलं मोजतो. यांच्या पंचाहत्तरीला त्याने एक घड्याळ पाठवलं. ते पावलं, झोप, नाडी सगळं टिपतं आणि यांच्या फोनवरून त्याला कळवतं. हेमचंद्रांना, म्हणजे आमच्या ह्यांना, चालायचा भारी कंटाळा. नोकरीत जन्मभर खुर्ची सोडली नाही, ते आता काय सोडणार? शेवटी तोडगा मीच काढला. सकाळी घड्याळ मी बांधायचं, कमाटीबागेत तीन फेऱ्या मारायच्या, घरी येऊन जरा टेकायचं आणि मग ते यांच्या हाती द्यायचं. सलील खूश, हेही खूश. चोरी म्हणाल तर चोरी, पण घरातल्या घरात.

त्या मंगळवारी हे दांडिया बाजारात केस कापायला गेले होते. मी फिरून आल्यावर आरामखुर्चीत पडून रेडिओ ऐकत होते, तेवढ्यात मनगटावर घड्याळ थरथरलं. चष्मा आत होता. नेहमीसारखं 'उठा, हला' म्हणत असेल, असं समजून मी लक्ष दिलं नाही.

दुपारी फोन पाहून यांचा चेहरा उतरला. हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याच्या खुणा दिसताहेत, एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं, डॉक्टरांना भेटा, असा संदेश होता. सलीलला फोन झाला. छातीत दुखतंय का, धाप लागतेय का, चक्कर आली का, तोंड वाकडं झालंय का, असं त्याने एकेक विचारलं. यातलं काही असतं तर थेट १०८ बोलवायची होती. काहीच नव्हतं, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशीची अलकापुरीतल्या डॉ. नीरजांची वेळ घेतली. हे खिचडीवर आले आणि मृत्युपत्राच्या गोष्टी करू लागले.

संदेशावरची वेळ मी पाहिली होती. सव्वाअकरा. सव्वाअकराला हे न्हाव्याच्या खुर्चीत होते.

तरी मी गप्प बसले, कारण मला भीती वाटली. माझी बहीण अहल्या एका सकाळी चहा पिता पिता कोसळली. तोंड वाकडं झालं, वाचा गेली, आणि पुढची तीन वर्षं ती नुसती डोळ्यांनी बोलत राहिली. हृदय वेडंवाकडं चालत होतं, तिथे रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आधी कुणालाच पत्ता नव्हता. आता घड्याळ माझ्याबद्दल बोलत होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

बुधवारी यांचा ईसीजी अगदी स्वच्छ आला. घड्याळच खुळं आहे, असं म्हणून हे खुलले. मीही मनात सुटकेचा श्वास सोडला. पण डॉ. नीरजा म्हणाल्या, घड्याळ निदान करत नाही, फक्त शंका घेतं. ते मनगटावर प्रकाश टाकून नाडीतली अंतरं पाहतं, आणि माणूस स्वस्थ असताना अनेकदा गडबड दिसली तरच कळवतं. कधी चुकतंही. पण हा आजार येऊन जाऊन असू शकतो, त्यामुळे आजचा ईसीजी चांगला आहे म्हणून काल काही नव्हतं असं होत नाही. छातीवर पट्टी लावून आठवडाभर ठोके नोंदवू या, असं म्हणत त्यांनी पट्टीचं पाकीट उघडायला घेतलं.

मी त्या पाकिटाकडे पाहत राहिले. सात दिवस हे पट्टी मिरवणार, त्यात काही निघणार नाही, घड्याळ खुळं ठरणार. आणि माझ्या हातून एखाद्या सकाळी कप निसटणार.

"डॉक्टर, त्या वेळी घड्याळ माझ्या हातात होतं," मी म्हणाले.

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. डॉक्टरांनी पाकीट खाली ठेवलं. वय विचारलं, एकोणसत्तर. ब्लडप्रेशर? दहा वर्षं गोळी चालू आहे. त्यांनी माझी नाडी पूर्ण मिनिटभर धरली आणि मला यांच्याच जागी, त्याच पलंगावर झोपवलं. कागदावरच्या उंच रेघांमध्ये सारखं अंतर नव्हतं, आणि प्रत्येक रेघेआधी जो बारीक उंचवटा असायला हवा तो कुठेच नव्हता. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचं सोडून नुसते थरथरताहेत, म्हणून तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, असं त्यांनी समजावलं.

"एट्रियल फिब्रिलेशनच आहे, काकू. पण वेळेत कळलं."

रक्ताच्या तपासण्या आणि इको करायचं ठरलं. तपासण्या पाहून रक्त पातळ करणारी गोळीही सुरू झाली, कारण माझं वय आणि ब्लडप्रेशर मिळून गुठळीचा धोका मोठा होता. एकही चुकवायची नाही, मनाने बंद करायची नाही, विचारल्याशिवाय दुखण्यावरची गोळी घ्यायची नाही, कुठून रक्त आलं तर लगेच कळवायचं. घड्याळाचा हा इशारा ज्यांना निदान झालेलं नाही त्यांच्यासाठी असतो, त्यामुळे माझ्याकडचं त्याचं काम संपलं होतं. ते यांच्या मनगटावर परत गेलं.

सलीलला बुधवारी आम्ही यांचा ईसीजी स्वच्छ आला एवढंच कळवलं होतं. रविवारी त्याचा फोन आला. काल फक्त नऊशे पावलं का, तब्येत ठीक आहे ना, असं तो वडिलांना विचारत होता. फोन स्पीकरवर होता, मी ओट्यापाशी होते.

"ती नऊशे माझी आहेत," हे म्हणाले. "आधीची सगळी तुझ्या आईची होती."

मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं, स्वतःचा कंटाळासुद्धा. फोन ठेवून माझी गोळी आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे केला. मी गिळेपर्यंत तिथेच उभे राहिले, आणि मग बूट घालायला गेले.