ताळेबंदातला बारीक एक

खोपटच्या छापखान्यातले कंपोझिटर हरिहर गुप्ते यांना जुन्या वळणाच्या इंग्रजी आकड्यांचा भारी सोस. त्यांतले तीन, सात, नऊ ओळीखाली लोंबायचे, सहा आणि आठ डोकं वर काढायचे, आणि एक म्हणजे नुसती काडी, इतरांच्या निम्म्या रुंदीची. मिठागरवाल्यांच्या पतपेढीचा त्रेपन्न सालचा ताळेबंद त्यांनी त्याच आकड्यांत जुळवला.

पतपेढीचा चिटणीस पंढरी प्रूफ बघून म्हणाला, "काका, एका उंचीचे, एका रुंदीचे आकडे घाला ना. हे एकाखाली एक बसत नाहीत."

"मीठ ओढणाऱ्यांनी मला टाइप शिकवू नये," हरिहरपंत खेकसले.

पतपेढीच्या माजिवड्यातल्या सभेला हरिहरपंतही गेले. इंग्रजी आकडे नुकतेच शिकलेला म्हातारा सभासद नाथा पट्टी लावून उभी बेरीज करत होता. आठ हजार सहाशे चाळीसच्या खाली अकराशे चाळीस होते, पण त्यातले दोन्ही बारीक एक आखडून वरच्या सहाच्याच खाली आले होते. नाथाने दोन्ही शेकड्यांत धरले, आणि त्याची बेरीज खालच्या छापील बेरजेपेक्षा नऊशेंनी कमी भरली.

"पंढरी, नऊशे रुपये कुठं गेले रं?"

सभा उसळली. पंढरीने मागे बसलेल्या हरिहरपंतांकडे एकदा पाहिलं. त्यांनी मान खाली घातली, पण उठले नाहीत.

"प्रूफ मीच नीट बघितलं नाही," पंढरी म्हणाला, आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवू लागला.

पुढच्या वर्षी त्याने ताळेबंदाचा मजकूर छापखान्यात पाठवला. वर लिहिलं होतं, "आकडे काकांच्या पसंतीचे." हरिहरपंतांनी ते वाचलं आणि एका रुंदीचे आकडे जुळवायला घेतले.