चाळीसाचे साठ

पाणीखात्यात चर्चा म्हणजे साहेब बोलणार आणि बाकीचे माना डोलावणार. म्हणून नियोजन विभागातल्या बाईंनी या वर्षी सगळ्यांची तोंडं बंद केली. पैसे एकाच प्रकल्पाला मिळणार होते. आठ विभागप्रमुखांनी न बोलता तो निवडायचे निकष कागदावर लिहिले, मग पाळीपाळीने एकेक वाचून दाखवले. शंका विचारायची, वाद घालायचा नाही. साहेबांना स्वतःची पाळी येईपर्यंत थांबावं लागलं, तेवढ्यात ते दोनदा पाणी प्यायले.

शेवटी गुप्त चिठ्ठ्यांनी निकषांचं वजन ठरलं: लोकांचा फायदा चाळीस, खर्च तीस, लागणारा वेळ तीस. गुण द्यायचे ते त्यानंतर, नाहीतर जो तो आपल्या लाडक्या प्रकल्पाला सोयीची वजनं ठरवतो.

बाई स्वतः मत देत नव्हत्या. त्यांचा जीव मात्र उंच भागाच्या नव्या जलवाहिनीत अडकला होता. त्यांची आई तिथे तिसऱ्या मजल्यावर राहायची, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वर पाणी चढत नसे. गुडघे गेलेली म्हातारी खालच्या नळावरून बादल्या वाहायची.

गुणांची बेरीज झाली. जुन्या नळांतली गळती शोधायचा प्रकल्प अठ्ठ्याहत्तर, जलवाहिनी सहासष्ट, साहेबांचा भिंतभर स्क्रीनचा नियंत्रण कक्ष बेचाळीस.

सगळे गेल्यावर साहेब खुर्ची ओढून बसले. गळतीच्या विभागप्रमुखाशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

"फायद्याचं वजन चाळीसचं साठ करा, बाकीचे वीस-वीस. तुमची जलवाहिनी वर येते. मी हिशोब केलाय."

हिशोब बाईंनी आधीच केला होता. सत्तावनच्या पुढे गेलं की क्रम उलटत होता. त्यांना मोह झाला, चांगलाच झाला.

"आता सगळ्यांनी गुण बघितलेत, साहेब. आता वजन बदलणं म्हणजे निकाल बदलणंच. साठला काय होतं ते अहवालात लिहिते. पण क्रम हाच."

"आईला काय सांगाल?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच कुतूहल होतं.

संध्याकाळी आई जिन्याच्या पहिल्या वळणावर, दोन भरलेल्या बादल्या शेजारी ठेवून, दम खात बसलेली सापडली. बाईंनी तिला सगळं सांगितलं, साठचंही.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "नाही केलंस ते बरं केलंस. पण ते चाळीस ठरवलं कोणी?"

"आम्ही बोलावलेल्या आठ जणांनी. कुणाचा कुणावर दबाव नव्हता."

"त्यातले बादल्या किती जण वाहतात?"

बाईंनी आठही चेहरे आठवून पाहिले. कोणाला बोलवायचं हे त्यांनी एकटीनेच ठरवलं होतं, कुणालाही न विचारता. त्यांना आईकडे बघवेना.

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही बादल्या उचलून जिना चढू लागल्या.