काही जणांची मोसंबी

पॅथॉलॉजीचे प्रमुख डॉ. वामनराव यांच्या नरखेडच्या मळ्यातली मोसंबी रक्ताच्या नमुन्यांशेजारी फ्रिजमध्ये थंड होत पडलेली असायची. हे धंतोलीतल्या त्या इस्पितळात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बोलायची हिंमत कोणातच नव्हती. संचालक गोपाळराव तर वामनरावांचे वर्गमित्र.

"सर्क्युलर काढ, सोनिका," ते प्रशासन अधिकाऱ्याला म्हणाले. "नाव नको घेऊ. समजून घेईल तो."

सोनिकाने मान हलवली आणि लिहिलं: 'काही जण नमुन्यांच्या फ्रिजमध्ये खाद्यपदार्थ ठेवत असल्याचे निदर्शनास आले आहे. सर्व कर्मचाऱ्यांनी यापुढे दक्षता घ्यावी.'

दुसऱ्या दिवशी इस्पितळात नुसती खळबळ. नमुन्यांच्या फ्रिजला कधी हात न लावलेल्या परिचारिकांनी आपले दह्याचे डबे पिशवीत लपवले. कँटीनवाल्या रुखमाबाई विचारायला आल्या, "मायावर कोनी संशय घेतला का वं?" हिशेब विभागातल्या पियुषने दोन दिवस डबाच आणला नाही. वामनरावांनी मात्र ते सर्क्युलर फ्रिजच्याच दारावर चिकटवलं आणि कौतुकाने म्हणाले, "बरं केलं पोरी, लोकं लय बेशिस्त झाले."

दारामागे मोसंबी होतीच.

सोनिका हसू आवरत संचालकांकडे गेली. "सर, 'काही जण' म्हटलं की निरपराध माणूसच स्वतःला ओळखतो. ज्याला सांगायचं, त्याला मेमो द्यावा लागेल."

"त्याले वाईट वाटंन ना."

"भाषा माझ्यावर सोडा. सही तुमची."

मेमो वामनरावांच्या नावाने, बंद पाकिटात गेला. त्यात 'निदर्शनास आले आहे' नव्हतं. 'दक्षता' नव्हती. 'आदरणीय डॉ. वामनराव, सोमवारी नमुन्यांच्या फ्रिजमध्ये आपली मोसंबीची पिशवी दिसली. नमुन्यांजवळ खाद्यपदार्थ ठेवणे धोक्याचे आहे, हे आपणच सर्व कर्मचाऱ्यांना शिकवले आहे. आपण ती आजच हलवावी व तसे कळवावे.'

वामनराव पाकीट घेऊन तडक तिच्या टेबलाशी आले. ती जरा घाबरलीच.

"सर्क्युलरमध्ये मायं नाव नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"नव्हतं, सर. ते सगळ्यांसाठी होतं."

"अन् हे?"

"फक्त तुमच्यासाठी. संचालकांखेरीज कोणी वाचलेलं नाही."

त्यांनी दाराकडे पाहिलं, पाकीट खिशात घातलं. "सर्क्युलरमध्ये लिहिलं असतं तर भांडलो असतो मी. हे वाचून भांडता नाही येत." संध्याकाळी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, फ्रिज पुसूनही झाला होता.

आठवड्याने ते पुन्हा आले. "औषधालयाचा तो रुपराव माया लॅबचं सामान अडवून राहिला. त्याले असंच एक लिहून दे, गोड पण बोचरं."

"तक्रार लेखी द्या, सर," सोनिका म्हणाली आणि कोरा कागद पुढे सरकवला. "'काही जण' लिहू नका. मग मेमो कोणाला द्यायचा, ते मला कळणार नाही."