दार्जिलिंगला पंधरापर्यंत

पद्माताईंनी गच्चीवरून उतरवलेले चार कप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने मांडले आणि कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. चारही कप निम्मे भरलेले होते.

"बघ," त्या म्हणाल्या. "हा बंगाली प्रोफेसरांचा. रोज दोन कप पितात बिचारे, आज अर्धा टाकून उठले. काय बोलले माहितेय? 'दीदी, आज तो दवाई पिला दी.' मी काय बोलणार? हसली आपली."

बकुळने एका कपातला थंड घोट घेतला. जिभेच्या दोन्ही कडा आक्रसल्या, तोंड कच्चं केळं खाल्ल्यासारखं झालं. दार्जिलिंगची पहिल्या खुडीची, पोपटी पानांची नाजूक चहापत्ती, आणि तिचा हा काढा!

"पत्ती तीच आहे ना?" पद्माताईंनी विचारलं.

"तीच, ताई."

"पाणी?"

"पाणीही तेच."

"मग माणूस बघ." पद्माताईंनी आवाज खाली आणला. "मला वाईट वाटतंय बोलायला, पण नानांची आता उमर झाली. शनिवारी संध्याकाळी मेन्यू प्रेसमध्ये द्यायचाय. एक तर ते पत्तीच्या चहाचं पान काढू आणि सरळ आलं-दुधाचा उकळलेला चहा ठेवू. नाहीतर नानांना घरी बसव आणि केटलीपाशी दुसरं कुणी ठेव. तूच ठरव."

पद्माताई जन्मापासून बनारसच्या. संकठा घाटावरून वर येणाऱ्या गल्लीतलं हे तीन मजली घर त्यांचं, आणि गच्चीवरचा कॅफे दोघींचा. जागा पद्माताईंची, चहा बकुळचा. बोलणं त्यांचं असं अर्धं मराठी, अर्धं तिकडचं, पण मनात एक नि ओठांत दुसरं असला प्रकार नव्हता. म्हणून तर बकुळला त्यांचं बोलणं जास्त लागलं.

नानांना घरी बसव. म्हणायला सोपं होतं. वेणीमाधव नाना बकुळचे सासरे. विद्यापीठाच्या रसायनशाळेत तेहतीस वर्षं सहायक. सासूबाई गेल्यावर ते वर्षभर घरात बसलेच होते की. सकाळी खुर्ची खिडकीपाशी, संध्याकाळी तीच खुर्ची दिव्यापाशी. बोलायचे ते इतकंच, "मीठ बरोबर आहे." मग बकुळला गंगा झाली, तिच्या नवऱ्याची मुघलसरायला रेल्वेत बदली झाली, आणि कॅफे सुरू होताना बकुळने सहज विचारलं, "नाना, थर्मामीटर नसताना पाणी ऐंशी अंशांवर कसं आणायचं?"

म्हातारा खुर्चीतून उठला तो त्या दिवशी.

"थर्मामीटर कशाला? उकळतं पाणी शंभर. रात्री उकळून माठात भरलेलं, आत्ता मार्चात, वीस-बावीस. तीन कप उकळतं नि एक कप गार, झालं ऐंशी. ही तुझी कांगड्याची हिरवी पत्ती. तिला उकळतं घातलंस तर पोळते बिचारी, सगळा कडवटपणा बाहेर टाकते. दार्जिलिंगला सात कप उकळत्यात एक गार, नव्वदाच्या आसपास. आसाम मात्र दणकट. तिला खळखळतंच पाणी दे, नाहीतर रंगच सोडणार नाही."

सगळा तक्ता नानांनीच बसवला होता. एका कपाला सपाट चमचाभर पत्ती. कुणाला कडक हवा असेल तर पत्ती वाढवायची, वेळ नाही. वेळ वाढवला की चहा कडक होत नाही, कडू होतो. हिरव्याला दोन मिनिटं, दार्जिलिंगला तीन, आसामला चार. वेळ झाली की गाळणं किटलीतून बाहेर, एक पान आत राहता कामा नये.

आणि वेळ मोजायची कशी, तर पाढ्यांनी. भिंतीवर घड्याळ होतं, पण नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काटे त्यांना धुक्यात दिसायचे. पाढे मात्र लख्ख. त्यांनी बकुळला घड्याळासमोर उभं करून दोन दिवस तालीम केली होती. बेपासून दहापर्यंत दोन मिनिटं, पंधरापर्यंत तीन, विसापर्यंत चार. एका सेकंदाचा फरक पडला तरी पुन्हा पहिल्यापासून. मग बकुळ पाणी ओतून वर गच्चीवर पळायची, नाना दारापाशी, शेगडीपासून लांब, वेताच्या स्टुलावर बसून पाढे म्हणायचे, आणि "झालं!" म्हणाले की भांडी घासणाऱ्या इंदूमावशी हात पुसून गाळणं उचलायच्या. गिऱ्हाइकांना वाटायचं, आत कसला तरी जप चाललाय. काही गोरे तर पायरीवर डोळे मिटून बसायचे.

शुक्रवारी बकुळने ठरवलं, छडा लावायचाच. सकाळी तिने स्वतः घड्याळ लावून तिन्ही चहा केले. गोड. म्हणजे साखरेचे नव्हेत. घोटाच्या शेवटी जिभेवर राहतो ना, तसा गोडवा. पत्ती चांगली. अकरा वाजता नानांनी मोजलेला दार्जिलिंग तिने चोरून चाखला. तोही उत्तम. माणूसही चांगला. माठातल्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं, किटल्या हुंगल्या, कुणी साबणाने तर घासत नाही ना म्हणून इंदूमावशींना विचारलं.

"मला काय विचारतेस?" इंदूमावशी फणकारल्या. "नाना म्हणतात उचल, मी उचलते. नाना म्हणाले गंगेत उडी टाक, तर विचार करीन."

मग बकुळने वहीतलं पान काढलं. कोणता कप कधी परत आला ते तिने आठवडाभर लिहिलं होतं. वाचता वाचता ती थांबली. सकाळचा एकही नाही. संध्याकाळचा एकही नाही. सगळे दीड ते तीनमधले.

दीड वाजता असं काय होतं? दीड वाजता तिच्या मते काहीच होत नव्हतं. गर्दी कमी. गंगाला पाजून ती नानांकडे द्यायची आणि वर जाऊन टेबलं पुसायची.

त्या दुपारी तिने पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आठ महिन्यांच्या गंगाला नानांच्या खांद्यावर दिलं आणि जिन्याच्या चार पायऱ्या चढून तिथेच थांबली. कठड्याआडून तिला घड्याळही दिसत होतं आणि नानांची पाठही.

"बे एके बे, बे दुणे चार..." नाना नेहमीच्या चालीने निघाले. चार, पाच, सहा. गंगाचे पाय ढिले पडले. सातच्या पाढ्याला तिची मान नानांच्या गळ्यात कलंडली. आणि बकुळच्या डोळ्यांदेखत पाढा संथ झाला. आधी आवाज खाली आला, मग प्रत्येक आकड्यानंतर एक झोका आला.

"आठ... एके... आठ." हळूच पाठीवर थाप. "आठ... दुणे... सोळा." पुन्हा थाप.

नानांना पत्ताही नव्हता. तोंडाने पाढे चालू होते, हात मात्र पोरीला जोजवत होता, आणि तोंड गुपचूप हाताच्या तालावर गेलं होतं. तेराचा पाढा तर निव्वळ अंगाई झाला होता. पंधरा दाहे दीडशे झाले तेव्हा घड्याळात चार मिनिटं उलटून वर वीस सेकंद गेले होते.

"झालं," नाना पोर जागी होऊ नये म्हणून कुजबुजले. इंदूमावशींना ऐकू यायला आणखी थोडा वेळ गेला.

बकुळला हसू यायला हवं होतं. ती पायरीवर बसली आणि पदराने डोळे टिपत राहिली. सासूबाई गेल्यापासून या माणसाचा इतका मऊ आवाज तिने ऐकला नव्हता. आता तोच आवाज चुकतोय म्हणून सांगायचं कसं? सांगितलं नाही, तर उद्या त्यांना स्टुलावरून उठवावं लागणार.

तिने सांगितलं. जवळ बसून, पाटावर. नानांचा हात थापटता थापटता थांबला. खांद्यावर गंगा शांत झोपली होती.

"म्हणजे प्रोफेसरांना दवाई मीच पाजली," ते म्हणाले.

"नाना, मी पोरीला इंदूमावशींकडे देते दुपारची. तुम्ही मोकळ्या हाताने..."

"नाही." इतकं ठामपणे की गंगा चुळबुळली, आणि लगेच आवाज खाली. "उपकरण बदललं की तक्ता नव्याने करायचा असतो, बकुळ. उपकरण फेकत नाहीत. घड्याळ बघ. मी म्हणतो."

त्या संध्याकाळी त्यांनी झोपलेल्या गंगाला घेऊन चार वेळा पाढे म्हटले. बकुळने आकडे लिहून घेतले. पोर झोपेत असेल तर एका पाढ्याला वीस सेकंद. म्हणजे हिरव्याला सातपर्यंत, दार्जिलिंगला दहापर्यंत, आसामला तेरापर्यंत.

शनिवारी दीडला पद्माताई स्वतः येऊन स्वयंपाकघरात बसल्या. बकुळने सगळं सांगितलं होतं, पण त्यांची मुद्रा काही सैल झाली नव्हती. "प्यायल्यावर बोलीन," एवढंच.

सातास एक पाणी, चमचाभर पत्ती, झाकण. नाना सुरू झाले. गंगा आधीच झोपली होती, त्यामुळे चाल पहिल्यापासून संथ. बकुळने घड्याळाकडे पाहायचं आणि तोंड उघडायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं. पाच, सहा, सात. आठच्या पाढ्यात खाली गल्लीत एका सांडाने कुणाची तरी सायकल पाडली. गंगा दचकली आणि तिने भोकाड पसरलं.

नाना थांबले. चेहरा कोरा. "कुठं होतो मी?"

बकुळने ओठ दाताखाली धरले. सेकंद काटा पुढे चालला होता.

पद्माताई ताडकन उठल्या. "द्या इकडे." पोरीला त्यांनी छातीशी घेतलं, बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि दोनच येरझाऱ्यांत गंगा मुसमुसत शांत झाली. "आठ सक्कं अठ्ठेचाळीस," त्या हळूच म्हणाल्या. "तिथं होता. पुढं म्हणा. आणि हळू म्हणा."

नानांचे हात अजून झोळी धरल्यासारखे वाकडेच होते. त्याच चालीने त्यांनी आठ संपवला, नऊ संपवला. आणि तिथेच हात वर केला.

"झालं! उचला."

"दहा राहिला ना?" इंदूमावशी गोंधळल्या.

"त्याचा वेळ रडण्यात गेला. उचला म्हणतो ना!"

गाळणं वर आलं. बकुळने घड्याळ पाहिलं; तीन मिनिटं आणि चार सेकंद. तिने कप भरला. चहा फिक्या मधाच्या रंगाचा होता. पद्माताईंनी एका हाताने पोर सावरत घोट घेतला. मग दुसरा. नाना त्यांच्या दिशेने बघत होते. दिसत होतं किती कोण जाणे, पण मान मात्र किंचित पुढे आली होती.

"प्रेसवाल्याला फोन कर," पद्माताई बकुळला म्हणाल्या. "पान राहू दे. आणि नाना, दुपारची केटली तुमचीच. पोरीसकट."

नानांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, आणि गंगाला घ्यायला हात पुढे केले.

पद्माताईंनी पोर दिली नाही.

"थांबा हो. आत्ता कुठं डोळा लागलाय हिचा," त्या कुजबुजल्या. "बकुळ, तो कप जरा इकडे सरकव. मला वाकता येत नाही."

बकुळने कप सरकवला.